विद्युतदाहिनीतील अंत्यसंस्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील वैकुंठ, मुंबईतील चंदनवाडी आणि शिवाजी पार्क यांसारख्या स्मशानभूमींत विद्युतदाहिनी आहे. तिथे जायची वेळ आली की नातेवाईक जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. घराण्याच्या आणि गुरुजींच्या पद्धतीप्रमाणे तपशील बदलतो. खाली महाराष्ट्रातील सर्वसाधारण रीत धरली आहे.

१. विद्युतदाहिनीच्या आत नेमके काय असते?

आत उष्णता सहन करणाऱ्या विटांची बोगद्यासारखी खोली असते आणि तिच्या भिंतींत विजेने तापणारी वेटोळी बसवलेली असतात. देह आत जाण्याआधीच खोली साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवतात. पुढचे दार वर उचलले जाते, तिरडी रुळांवरच्या ट्रॉलीवरून आत सरकते, ट्रॉली रिकामी परत येते आणि दार खाली येते. पंखा हवा पुरवतो, धूर उंच धुराड्याने बाहेर जातो. बहुतेक वेळा तास ते दीड तासात दहन पूर्ण होते. भट्टी थंड असेल किंवा देह स्थूल असेल तर याहून जास्त वेळ लागतो. लाकडाच्या चितेला ३०० ते ४०० किलो लाकूड आणि कित्येक तास लागतात, हा मोठा फरक.

काही ठिकाणी विजेऐवजी गॅसची दाहिनी असते. तिच्यात बर्नरची ज्वाला असते, पण कुटुंबाने करायच्या गोष्टी तशाच राहतात.

२. आत ज्वाला पेटवली जात नाही, मग "अग्नी दिला" असे म्हणता येते का?

वेटोळ्यांना ज्वाला नसते हे खरे. पण त्या तापमानाला कापड, बांबू आणि देह आपोआप पेट घेतात, म्हणजे आत आगच असते. धार्मिक प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर विधीच्या नावातच आहे. मराठीत मंत्राग्नी आणि भडाग्नी असे दोन शब्द आहेत. मंत्र म्हणून कर्त्याच्या हातून दिलेला तो मंत्राग्नी, मंत्राविना नुसते दहन तो भडाग्नी. विद्युतदाहिनीत मंत्राग्नी भट्टीत न देता तिच्याबाहेर ओट्यावर देतात. गुरुजी बरोबर असतील तर संस्कार पूर्ण होतो, भट्टी फक्त दहन करते.

यातूनच एक मोठी गोष्ट बदलते. लाकडाच्या चितेवर अग्नी दिल्यानंतरही कर्त्याची बरीच कामे उरतात. इथे दार खाली आले की देहाशी संबंधित काहीच करता येत नाही. म्हणून देहावरचे सगळे विधी दार उघडण्याआधी संपवावे लागतात. पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ यात आहे.

३. घरून निघताना काही वेगळे करावे लागते का?

स्नान घालणे, नवे कापड नेसवणे, मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल, तिरडीपुढे मडक्यातून गोवऱ्यांचा विस्तव नेणे, वाटेत विसाव्याला खांदे बदलणे, हे सारे तसेच राहते. फरक तिरडीत आहे.

तिरडी भट्टीच्या दारातून आत जाणार असते, त्यामुळे ती रुंद बांधू नका. तिरडीवाल्याला "विद्युतदाहिनीसाठी" असे सांगितले की तो माप धरतो. तरी दाराची रुंदी फोन करून विचारून घ्यावी. खिळे आणि तार वापरू नये, काथ्या किंवा सुतळी पुरते. बांबू शक्यतो वाळलेला घ्यावा. ओल्या बांबूच्या पेरांत कोंडलेली वाफ फुटताना मोठा आवाज होतो आणि दाराजवळ उभी माणसे उगाच दचकतात. काही स्मशानांत तिरडी बाहेर ठेवून देह स्मशानातल्या स्ट्रेचरवर घेतात. तेव्हा बाजूचे बांधे सोडावे लागतात, म्हणून गाठी सोडता येतील अशाच मारा.

४. सोबत कोणती कागदपत्रे लागतात?

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर डॉक्टरांचे मृत्युकारणाचे प्रमाणपत्र (नमुना ४), घरी झाला असेल तर नेहमीच्या किंवा बोलावलेल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना ४ अ). मृताचे आणि माहिती देणाऱ्याचे आधार कार्ड, त्यांच्या प्रती. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू असेल तर शवविच्छेदन झाल्यानंतरचे पोलिसांचे पत्रही हवे, त्याशिवाय कर्मचारी देह घेत नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. स्मशानातली पावती जपून ठेवा, दाखल्याच्या वेळी ती मागतात.

नाव, वय आणि पत्त्याचे शब्दलेखन स्मशानात लिहून देतानाच आधार कार्डावरून तपासा. इथे झालेली चूक पुढे दाखल्यात, बँकेत आणि वारसनोंदीत निघते, आणि तेव्हा दुरुस्तीला महिने जातात.

५. भट्टीसमोरच्या ओट्यावर नेमका क्रम काय असतो?

तिरडी ओट्यावर ठेवतात, डोके शक्यतो दक्षिणेकडे. भट्टीचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर आपला हक्क नसतो, त्यामुळे दिशेचा आग्रह ओट्यापुरताच ठेवा. तोंडावरचे कापड काढून शेवटचे दर्शन घेतात. कर्ता स्नान करून ओल्या वस्त्राने बसतो. क्षौर करायचे असल्यास आधीच उरकतात, नाहीतर सगळे खोळंबतात. गुरुजी विस्तवाचे मडके घेऊन अग्नीचे पूजन करवतात. त्यावर तूप, तीळ आणि समिधांच्या आहुती देतात. मग कर्ता पेटती समिध किंवा कापराची वडी देहाच्या छातीजवळ किंवा मुखाजवळ नेतो आणि मंत्राग्नी देतो. प्रत्यक्ष कापड पेटवायचे नसते, स्पर्शापुरतेच.

त्यानंतरची गोष्ट गुरुजींनी आठवणीने करावी आणि घरच्यांनी बघून घ्यावी. देहावरचे निखारे आणि पेटता कापूर बाजूला काढून, मडक्यातला विस्तव बाजूच्या ठरलेल्या जागी विझवायचा. तेवत्या कापडासह तिरडी ट्रॉलीवर चढवली तर खांदेकऱ्यांचे हात भाजतात. पाण्याने विझवताना रूळ आणि दाराजवळची फरशी ओली करू नका, पाय सरकून तिरडी कलंडण्याची भीती असते.

या वेळेपुरती सामग्री थोडीच पुरते: मूठभर समिधा, पन्नासेक ग्रॅम तूप, तीळ, तांदूळ, कापूर, दर्भ, तुळस आणि हवे तर चंदनाचा बोटाएवढा तुकडा.

६. पाण्याच्या मडक्याच्या प्रदक्षिणा कुठे घालायच्या? भट्टीला फेरे मारता येत नाहीत.

चितेभोवती कर्ता पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन अपसव्य तीन फेरे घालतो. प्रत्येक फेरीला मागून दुसरा माणूस दगडाने मडक्याला भोक पाडतो आणि पाण्याची धार पडते. शेवटी मडके मागे टाकून, तोंडावर उलटा हात नेऊन बोंब मारतात. भोक पाडणारा तो दगड म्हणजे अश्मा, त्यालाच जीवखडा म्हणतात.

विद्युतदाहिनीत हे सारे ओट्यावरच्या देहाभोवती घालतात, म्हणजे भट्टीत जाण्याच्या आधी. काही गुरुजी देह आत गेल्यावर रिकाम्या ओट्याभोवती घालायला सांगतात. कर्ता एकदा भट्टीच्या दारातून परतला की पुन्हा विधीत मन लागणे कठीण जाते, म्हणून आधीचा क्रम अधिक सोयीचा वाटतो. मात्र गुरुजींशी आदल्या रात्रीच ठरवून घ्या. ऐनवेळी त्यावरून वाद घालणारा एक तरी काका असतोच.

मडके फोडायची जागा रुळांपासून लांब असावी. खापऱ्या रुळात अडकल्या की ट्रॉली अडते आणि पुढचा सगळा क्रम थांबतो. जीवखडा तेव्हाच कपड्यात बांधून एकाच्या हाती द्या, तो दहाव्यापर्यंत लागतो. नेमका हाच इथे सर्वांत जास्त हरवतो, कारण चितेपाशी सगळे रेंगाळतात, इथे दार बंद झाले की गर्दी पांगते.

७. भट्टी सुरू कोण करते? दार उघडताना जवळ उभे राहता येते का?

दार उघडणे, ट्रॉली ढकलणे, तापमान सांभाळणे ही कर्मचाऱ्यांची कामे. काही ठिकाणी कर्त्याला बटण दाबू देतात किंवा ट्रॉलीला हात लावू देतात. तशी इच्छा असेल तर आधी विचारा, तुमचा हात लागल्याशिवाय मन मानत नसेल तर तसे सांगण्यात संकोच नको. दार उघडल्यावर झळ जोरात येते, म्हणून चारपाच पावले मागे राहायचे. लहान मुले आणि हृदयाचा आजार असलेले नातेवाईक थोडे आणखी मागे. नायलॉनचे कपडे आणि सैल पदर घेऊन दारापाशी जाऊ नये.

८. कवटी फुटण्याची वाट पाहतात, त्याचे काय?

चितेवर कवटी फुटल्याचा आवाज आल्यावर लोक घरी निघतात. भट्टीत ते दिसत नाही, बहुधा ऐकूही येत नाही आणि काठीने कपालक्रिया करण्याची सोय नाही. त्यामुळे दार खाली आल्यावर गुरुजी मंत्र म्हणून ती झाली असे मानतात. थांबून राहण्याची गरज नसते, फक्त अस्थी त्याच दिवशी हव्या असतील तर थांबावे लागते (प्रश्न १२ पाहा).

९. देहावर काय ठेवू नये?

सर्वांत जास्त अडचण इथे होते, कारण चितेवर चालणाऱ्या वस्तू बंद भट्टीत चालत नाहीत.

अख्खा नारळ ठेवू नका. आत पाणी कोंडलेले असल्याने तो फुटतो आणि विटांना तडा जाऊ शकतो. बंद बाटली, अत्तराची कुपी, तेलाचा डबा, फवाऱ्याचा कॅन यांचेही तसेच. तूप आणि कापराचा ढीग नको, कारण दार उघडताच भडका बाहेर येतो. नायलॉन, पॉलिस्टर, प्लास्टिकची फुले आणि पिशव्या वितळून काळा धूर करतात. नऊवारी नेसवायची असेल तर सुती घ्या. चामड्याच्या चपला, चष्मा, घड्याळ, मोबाइल, रबरी गादी काढून ठेवा.

काचेच्या बांगड्या मऊ होऊन खालच्या विटांना चिकटतात. मंगळसूत्र आणि सोन्याचे दागिने ओट्यावरच उतरवा. राखेत ते शोधून मिळतीलच याची कुणीच खात्री देत नाही, आणि मागाहून कर्मचाऱ्यांवर संशय घेणे त्यांच्यावर अन्याय करणारे असते. हार आणि फुले मोजकी ठेवा, मोठे ढीग ट्रॉलीवरून घसरतात. खिशात तपासा: औषधांच्या पट्ट्या आणि लायटर बऱ्याचदा तिथेच राहतात.

१०. वडिलांच्या छातीत पेसमेकर आहे. सांगायला हवे का?

हो, दवाखान्यातच आणि स्मशानातही. पेसमेकरची बॅटरी उष्णतेने स्फोटासारखी फुटते. विटा आणि वेटोळ्यांचे नुकसान होते आणि जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. तो कॉलरबोनच्या खाली त्वचेखाली बसवलेला असतो. रुग्णालयातील डॉक्टर किंवा शवागारातील तज्ज्ञ लहान छेद घेऊन काढतात, घरी कुणी काढू नये. धक्का देणारे उपकरण असेल तर ते आधी बंद करावे लागते, हेही डॉक्टरांचेच काम. मृत्यू घरी झाला असेल तर पेसमेकर बसवलेल्या रुग्णालयाला लगेच फोन करा, कारण स्मशानात पोहोचल्यावर उपाय राहत नाही.

गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असेल तर काळजी नको. तो फुटत नाही, अस्थींबरोबर धातूचा तुकडा निघतो आणि कर्मचारी तो वेगळा काढतात.

११. षट्पिंड द्यायचे असतात. त्यातले काय बदलते?

मृत्यूची जागा, दार, चव्हाटा, विसावा, चितेची जागा आणि अस्थिसंचय अशी सहा ठिकाणे धरतात. पहिल्या चारांवर भट्टीचा काहीच परिणाम होत नाही. पाचवा पिंड चितेऐवजी ओट्यावर देहाच्या बाजूला देतात. सहावा अस्थी हाती आल्यावर. पिंड भट्टीत पाठवायचे असतील तर भाताचे लहान गोळे चालतात, पण द्रोण-पत्रावळीसह गठ्ठा ठेवू नका. अनेक घरांत षट्पिंड देतच नाहीत, ते असल्यास गुरुजी आपणहून सांगतील.

१२. अस्थी कधी मिळतात आणि त्या आमच्याच आहेत हे कसे कळणार?

दहन झाल्यावर भट्टीतून राख आणि अस्थी लांब दांड्याच्या ओढणीने पुढे ओढून ट्रेमध्ये काढतात. त्या निवायला वेळ लागतो, म्हणून काही ठिकाणी दोनतीन तासांनी देतात, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी. वजन साधारण दोन ते तीन किलो भरते. चितेतल्या अस्थींपेक्षा या पांढऱ्या, ठिसूळ आणि लहान तुकड्यांत असतात. फार मोठे हाड दिसले नाही म्हणून शंका नको.

एका वेळी एका भट्टीत एकच देह असतो आणि तो पूर्ण झाल्यावर ट्रे बाहेर काढतात, त्यामुळे अदलाबदलीचा खरा धोका ट्रेवर नाव नसण्यात असतो. ट्रेवर नावाची चिठ्ठी किंवा पावतीचा क्रमांक लावला आहे ना, ते देह आत जाण्याआधी पाहा. भट्टीच्या विटांच्या खाचांत राखेचा सूक्ष्म अंश मागे राहतोच, तेवढ्यापुरते मिसळणे टाळता येत नाही.

१३. अस्थिसंचयाचा विधी मग कसा करायचा?

चितेवर दूध-पाणी शिंपडून अस्थी वेचतात. इथे तेच ट्रेजवळ करतात. पण ट्रे पूर्ण निवलेला असल्याची खात्री करा. तापलेल्या लोखंडावर आणि अस्थींवर दूध पडले की ते उडते, तडतडते आणि हात भाजतो. कर्ता पायाकडच्या भागापासून सुरू करून डोक्याकडच्या अस्थी शेवटी वेचतो, अशी जी रीत आहे ती ट्रेमध्ये पाळता येत नाही, कारण ओढताना सगळे मिसळते. त्यावर अडून बसू नका. अस्थी मातीच्या मडक्यात भरून तोंडाला पांढरे कापड बांधतात. उरलेली राख न्यायची असल्यास वेगळी सुती पिशवी आणा. विसर्जनाआधी कलश घरात न ठेवता देवळाबाहेर किंवा झाडाला बांधून ठेवण्याची रीत आहे. बऱ्याच स्मशानांत त्यासाठी फळी असते.

१४. एखादे उदाहरण घेऊन दिवसाचा आराखडा सांगाल का?

समजा, रात्री ११ वाजता घरी मृत्यू झाला. रात्रीच डॉक्टरांकडून नमुना ४ अ घ्या आणि स्मशानात फोन करून सकाळची वेळ व रांग विचारा. तिरडी आणि सामग्री सात वाजेपर्यंत येते, आठ वाजता स्नान, साडेआठला घरून निघणे. नऊच्या सुमारास कागद तपासून नोंद. सव्वानऊ ते दहा ओट्यावरचे विधी. दहाला दार उघडते, पाच मिनिटांत बंद होते. साडेअकराच्या आसपास दहन संपते आणि दुपारनंतर अस्थी मिळतात.

बिघडते कुठे? बहुधा क्षौरात आणि कागदांच्या प्रतींत, आणि गुरुजी ओट्यावर आल्यावरच घराण्याची पद्धत विचारू लागतात तिथे. आधीच्या देहाला उशीर झाला तर भट्टी तयार असूनही थांबावे लागते. म्हणून विधींसाठी पाऊण तास राखा आणि प्रदक्षिणांना गडबड होऊ देऊ नका.

१५. वीज गेली किंवा भट्टी मध्येच बंद पडली तर?

तापलेल्या विटा उष्णता बराच वेळ धरून ठेवतात, म्हणून थोडक्या खंडाने फारसे बिघडत नाही. अनेक ठिकाणी जनरेटर असतो. मोठा बिघाड असेल तर कर्मचारी देह दुसऱ्या भट्टीकडे किंवा लाकडाकडे नेतात, पण ते देह आत जाण्याआधी ठरते. पहाटे पहिल्यांदा सुरू होणारी भट्टी तापायला बराच वेळ घेते, त्यामुळे पहिला क्रमांक घेतला म्हणजे लवकर उरकेल असे नसते.

१६. शीतपेटीतून थेट देह आणला तर अडचण येते का?

मुलगा परदेशातून येईपर्यंत देह शवागारात ठेवलेला असतो, तेव्हा हा प्रश्न येतो. गोठलेल्या देहाला दहनाला जास्त वेळ आणि वीज लागते, म्हणून शवागाराला आदल्या दिवशी कळवून देह बाहेर काढण्याची वेळ ठरवा. स्मशानालाही सांगा. मुलगा येऊ शकत नसेल तर जवळच्या नात्यातला दुसरा कर्ता मंत्राग्नी देतो. मुलगा आल्यावर अस्थिविसर्जन त्याच्या हातून करता येते, कारण अस्थी राहतात.

१७. मुलगी किंवा पत्नी मंत्राग्नी देऊ शकते का? बायकांना आत सोडतात का?

विद्युतदाहिनीत महिलांना येण्यास स्मशानाची कोणतीही मनाई नसते. मुलीने मंत्राग्नी देणे आता शहरांत नित्याचे झाले आहे. अडचण आली तर ती गुरुजींच्या किंवा नातलगांच्या मान्यतेची असते, म्हणून तसे करणारे गुरुजी आधीच पाहून ठेवा. साडीचा पदर घट्ट खोचा, ओल्या वस्त्राऐवजी सुती सलवार-कुडता चालतो.

१८. तान्ह्या बाळाचे किंवा संन्याशाचे दहन इथे होते का?

तान्ह्या बाळांना पुरण्याची रीत आहे. साधारण दोन वर्षांच्या आतील बाळासाठी घरचे बहुधा दफनच निवडतात. नाथपंथी, गोसावी, लिंगायत यांच्यात समाधी देण्याची पद्धत आहे, त्यांना दाहिनी लागत नाही. अशा वेळी दफनासाठीची जागा वेगळी असते, स्मशानाच्या कार्यालयात विचारा.

१९. दहावा, तेरावा यांत काही बदल होतो का?

नाही. जीवखड्यावर रोज तिलांजली, दहाव्याला पिंड आणि कावळ्याची वाट, सारे तसेच. अडचण फक्त जीवखडा हरवला तर येते. तसे झाले असेल तर गुरुजींना लगेच सांगा, ते दुसरा दगड घेऊन पुन्हा विधी करवतात. दहाव्याच्या सकाळी घाटावर उघडकीस येण्यापेक्षा ते बरे.